साडेदहा की साडेअकरा : एका चिठ्ठीची गोष्ट

तीन महिने इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी फोन करून चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे. लेकीकडे गेलो होतो, नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. परवा साताऱ्याला परतलो. ट्युलिपचे फोटो मागू नका, मी गेलो तेव्हा ट्युलिपचा हंगाम संपला होता. सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती आहे एका चिठ्ठीची. पोस्ट लांब होणार आहे. चहा घेऊन बसा.

तर झालं असं. जूनमध्ये नातवाचा पाचवा वाढदिवस. लेक-जावयाचं घर म्हणजे तिकडची ओळीतली घरं असतात तसलं. एका रांगेत सात-आठ घरं, भिंतीला भिंत लागून, पुढं वीतभर अंगण आणि मागं बाग. बाग म्हणजे आपल्या दोन खोल्यांएवढी. मध्ये लाकडी फळ्यांचं कुंपण, पुरुषभर उंचीचं. पलीकडं कोणी कप खाली ठेवला तरी आवाज येतो. या बागेत पंचवीस माणसांची पार्टी करायची ठरली. गावातली मराठी मंडळी, व्याही-विहीणबाई आलेल्या, मिसळ, पावभाजी, शेगडीवर कणसं आणि एकाची ढोलकी.

पार्टीच्या आठवडाभर आधी लेक रात्री टेबलाशी कागद घेऊन बसली. म्हटलं, यादी करतेस का? म्हणाली, "नाही बाबा, शेजाऱ्यांना चिठ्ठी लिहितेय."

मी म्हटलं, शेजारी येणार आहेत का?

"नाही. आवाज होणार आहे ना, त्याची."

मला आधी वाटलं परवानगी मागतेय. मी सोसायटीचा अकरा वर्षं सेक्रेटरी. पोलीस ठाण्यात स्पीकरचा अर्ज किती वेळा दिला असेल, त्याची गणती नाही. पण ही परवानगी नव्हतीच. चिठ्ठीत एकही विनंती नव्हती. "आम्ही असं असं करणार आहोत, तुम्हाला थोडा त्रास होईल, अमुक वाजता संपेल, फारच झालं तर या नंबरवर कळवा." बस्स. तिकडं ही सर्रास रीत आहे. डच शिकणाऱ्यांना सरावाला असल्या चिठ्ठ्या हमखास लिहायला लावतात, लेकीच्या वहीत अशा चार-पाच होत्या.

मला भाषेचा नाद आहे हे तुम्हाला माहीत आहे. मी ती चिठ्ठी शब्द न् शब्द समजून घेतली. तुम्हालाही सांगतो, कारण सगळी गंमत आणि पुढची फजिती त्या शब्दांतच आहे.

सुरुवात "बेस्ता ब्यूरन". म्हणजे प्रिय शेजाऱ्यांनो. नाव घालायचं नाही, कारण तीच चिठ्ठी सगळ्यांकडं जाते. मग एक वाक्य, येत्या शनिवारी आमच्या मुलाचा वाढदिवस बागेत साजरा करतोय. मग मुख्य वाक्य, ज्यात तो शब्द येतो, "खलाउट्स-ओव्हरलास्ट". खलाउट म्हणजे आवाज. लास्ट म्हणजे ओझं. ओव्हरलास्ट म्हणजे वाजवीपेक्षा जास्त पडलेलं ओझं. आपण त्याला नुसतं "त्रास" म्हणू. पण त्यांच्या शब्दात ते ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर कोणीतरी ठेवलंय, हे दिसतं. "आवाज होईल" असं न लिहिता "तुम्हाला आवाजाचं ओझं होण्याचा संभव आहे" असं लिहायचं. वाक्याचा कर्ता शेजारी, आपण नव्हे.

पुढचं वाक्य मला फार आवडलं. "मॉख्त यू तॉख लास्ट हेबन", म्हणजे "तरीही त्रास झालाच तर". आपला तो "झालाच" मधला च आहे ना, त्याचं काम तिथं वाक्याच्या सुरुवातीचं "मॉख्त" करतं. होऊ नये असं वाटतंय, पण झालाच तर. आणि मग "बेल ऑन्स खरुस्त", फोन करा, खरुस्त. हे खरुस्त म्हणजे निःसंकोच, बिनघोर. या "ख" बद्दल थोडं सांगतो. त्यांच्या ग चा उच्चार घशातून ख सारखा होतो, पण आइंडहोवन पडलं दक्षिणेला, तिथं तो मऊ असतो. उत्तरेकडचे लोक त्याची टिंगल करतात म्हणे. सातारी बोलीची पुण्यात होते तशीच.

शेवटी "आलफास्त बदांक्त". आलफास्त म्हणजे आधीच, अगोदरच. आगाऊ आभार! मी लेकीला म्हटलं, मराठीत हा शब्द अगदी चपखल बसतो, कारण तुम्ही त्रास सोसणार हे गृहीत धरून आधीच आभार मानणं म्हणजे आगाऊपणाच आहे. ती हसली नाही. ती "यू" लिहायचं की "युली" यात अडकली होती. यू म्हणजे आपलं "आपण, तुम्ही", आदरार्थी. युली म्हणजे अरे-तुरेतलं अनेकवचन. बहुतेक लोक ओळखीच्या शेजाऱ्यांना युली लिहितात. पण कडेच्या घरात एक ऐंशीच्या आजी राहतात, त्यांना युली कसं लिहायचं? शेवटी यू ठेवलं. एकदा यू म्हटलं की शेवटपर्यंत यू, मध्येच घसरायचं नाही.

आता वेळ. लेकीनं आकड्यात लिहिलं होतं. त्यांची पद्धत चोवीस तासांची, मध्ये टिंब, "२३.३० वाजता संगीत बंद". ती आधी साडेदहाच म्हणत होती. जावई म्हणाले, शनिवार आहे, साडेअकरा कर. केलं.

इथं मी नाक खुपसलं. म्हटलं, कॉम्प्युटरवर छापलेली चिठ्ठी म्हणजे नोटीस वाटते. माझं अक्षर बरं आहे, मी हातानं पाच प्रती काढतो. लेक खूश झाली आणि केकच्या मागं लागली. जावई म्हणाले, "बाबा, हातानं लिहिताय तर ते २३.३० सरकारी दिसतंय. इथं लोक बोलताना हाल्फ म्हणतात. हाल्फ एल्फ लिहा." एल्फ म्हणजे अकरा. हाल्फ एल्फ. मी निळ्या शाईनं पाच वेळा, सुवाच्य, लिहिलं.

जावयाची नोकरी इंग्रजीत चालते. इंग्रजीत बोलताना साडेअकराला "हाफ इलेव्हन" म्हणायची पद्धत आहे. डचमध्ये हाल्फ एल्फ म्हणजे साडेदहा.

अकराव्या तासाचा अर्धा. दहा पूर्ण झाले, अकरावा अर्धा भरला. साडेअकराला ते "हाल्फ ट्वाल्फ" म्हणतात, बाराव्याचा अर्धा. आणि आपण मराठी माणसांनी यात फसावं, ही तर कमालच. आपला "अडीच" हा शब्द कुठून आला? संस्कृत अर्धतृतीय, तिसरा अर्धा. दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा भाग, म्हणजे अडीच. डच लोक दुपारी अडीचला "हाल्फ द्री" म्हणतात, अर्धा तीन. तोच हिशेब, शब्दाला शब्द. "दीड" पण तसाच, द्व्यर्ध, दुसरा अर्धा. डचमध्ये दीडला "आंडरहाल्फ" म्हणतात, त्यातल्या आंडरचा जुना अर्थ दुसरा असाच. म्हणजे अडीच-दीडमध्ये आपण हेच करतो, पण साडेतीनपासून पुढं "साडे" लावून अर्धा वर जोडतो. हे सगळं मला नंतर सुचलं. लिहिताना सुचलं असतं तर ही पोस्ट झाली नसती.

चिठ्ठ्या वाटायचं कामही माझ्याकडंच. तिकडं दाराला खालच्या बाजूला एक फट असते, पत्रं त्यातून आत सरकवायची. पहिल्याच दारावर एक लाल-पांढरं लेबल, "नेऽ नेऽ". नेऽ म्हणजे नाही. दोनदा नाही! मी चिठ्ठी घेऊन परत. लेकीनं सांगितलं, पहिलं नाही म्हणजे जाहिराती टाकू नका, दुसरं नाही म्हणजे फुकटची वर्तमानपत्रं टाकू नका. शेजाऱ्याच्या चिठ्ठीचा त्यात समावेश नाही. परत गेलो. दोन्ही बाजूंची घरं, मागच्या बागेला बाग लागलेली दोन, आणि कडेच्या आजी. समोरच्या रांगेत टाकली नाही, कारण आवाज मागं होणार होता. दिवसही पाहून टाकायची. पंधरा दिवस आधी टाकली तर विसरतात, आदल्या दिवशी टाकली तर ज्यांना बाहेर जायचंय त्यांना सोय करायला वेळ राहत नाही. चार-पाच दिवस आधी बरं.

शनिवार उजाडला. मंडळी दुपारी चारला जमली. तिकडं वाढदिवसाला उत्सवमूर्तीच नव्हे, तर सगळ्या घरच्यांचं अभिनंदन करतात. पलीकडच्या डच आजोबांनी कुंपणावरून माझा हात हातात घेऊन "नातवाबद्दल अभिनंदन" म्हटलं. मला कळेना मी काय केलं. असो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. जूनमध्ये तिथं सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. साडेदहाला आभाळात अजून उजेड असतो, पोरं बागेत चेंडू खेळत असतात. आपल्या डोक्यात रात्र म्हणजे अंधार. घड्याळ न पाहता विचारलं असतं तर मी संध्याकाळचे सात सांगितले असते. त्यामुळं कुणालाच आवाज वाढल्याचं भान नव्हतं. गाण्यांचा आवाज तसा माफक होता. पण ढोलकी! शब्द, हसणं, गप्पा हे कुंपणाला आणि भिंतीला अडतं. धुमाचा खालचा ठोका अडत नाही. लांबलचक लाट असते ती, पातळ भिंत तिला जुमानत नाही. पलीकडच्या माणसाला गाणं ऐकू येत नाही, फक्त धम्म धम्म जाणवतं. बसणाऱ्याला वाटतं आवाज कमी आहे, आणि झोपणाऱ्याच्या उशीत ठोके पडत असतात.

दहा चाळीसला दारावरची घंटी.

लेक गेली, मी मागोमाग. दारात डावीकडच्या शेजारीणबाई. पन्नाशीच्या. घरातला झगा, पायात सपाता, हातात माझ्या निळ्या शाईतली चिठ्ठी. चेहरा रागाचा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवून एवढंच म्हटलं, "हाल्फ एल्फ." आणि मनगटाकडं बोट.

लेक म्हणाली, अजून पाऊण तास आहे ना? म्हणजे असं ती डचमध्ये म्हणाली, मला नंतर सांगितलं. मग तिनं चिठ्ठी हातात घेतली, वाचली आणि तिचा चेहरा उतरला. मागं वळून माझ्याकडं आणि जावयाकडं असं काही पाहिलं की बस्स. ढोलकी तिथल्या तिथं थांबली. मंडळी आत आली. उरलेली गाणी मनातल्या मनात.

त्या बाई हॉस्पिटलात नर्स. रविवारी सकाळी सातची ड्युटी, सव्वासहाला सायकलवर निघायचं. चिठ्ठी वाचून त्यांनी बेत ठरवला होता. साडेदहापर्यंत बहिणीकडं थांबायचं, साडेदहाला घरी यायचं, झोपायचं. बहिणीनं राहा म्हटलेलं, पण चिठ्ठीत हाल्फ एल्फ होतं म्हणून राहिल्या नाहीत. साडेअकरा लिहिलं असतं तर तिकडंच झोपल्या असत्या.

मी रात्रभर त्यावर विचार करत होतो. चिठ्ठी टाकलीच नसती तर त्या बाईंनी आमचा बेत पाहून, विचारून, किंवा चिडून का होईना, आपली काहीतरी सोय केली असती. आम्ही चिठ्ठी टाकली, त्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला, आणि तिनंच त्यांना घोटाळ्यात टाकलं. बाकी सगळी चिठ्ठी म्हणजे गोड बोलणं. त्यातलं खरं कामाचं अक्षर एकच, किती वाजता थांबणार. तेवढंच आम्ही चुकवलं.

कुणी म्हणेल, त्यांनी पोलिसांना फोन का नाही केला? करता आला असता. तिथल्या दंडविधानात कलम ४३१ आहे, रात्रीची झोप मोडेल असा गोंगाट केला तर दंड. त्याशिवाय नगरपालिकेचे आपापले स्थानिक नियम. तातडीचं काम नसेल तर पोलिसांचा वेगळा नंबर आहे, ०९००-८८४४, आणि ११२ खऱ्या संकटासाठी. चिठ्ठी टाकली म्हणून कायद्यातून सूट मिळत नाही, हेही लेकीनं सांगितलं. बऱ्याच लोकांचा तो गैरसमज असतो, तिकडंही. भांडण वारंवार होत असेल तर "ब्यूर्तबमिडलिंग" नावाची सोय आहे, शेजार-मध्यस्थी म्हणा. प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक येतात, दोन्ही घरांचं आळीपाळीनं ऐकतात, मग एका टेबलाशी बसवतात. फुकट. कोण बरोबर ते ते सांगत नाहीत. तोडगा शेजाऱ्यांनीच काढायचा. म्हणजे पायऱ्या आहेत. आधी घंटी, मग मध्यस्थ, मग पोलीस. आणि घंटीच्याही आधीची पायरी ती चिठ्ठी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माफी मागायला गेलो. सहाला निघत होतो, लेकीनं थांबवलं. सहाला ते जेवतात, तेव्हा दार वाजवणं म्हणजे आणखी एक ओव्हरलास्ट. साडेसातला गेलो. विहीणबाईंनी केलेले बेसनाचे लाडू घेऊन. जावयांनी स्वतः सांगितलं, चूक माझी, इंग्रजीतून विचार केला. बाई हसल्या. म्हणाल्या, दर वर्षी एखादा नवा डॉक्टर याच अर्ध्या तासामुळं, म्हणजे अर्ध्यामुळं एक तास, मीटिंगला उशिरा येतो. म्हणून वॉर्डात आम्ही वेळ आकड्यातच लिहितो. मग लेकीला म्हणाल्या, "झेख मार या." म्हणजे, मला यू नको म्हणू, या म्हण. आपल्याकडं "अहो-जाहो कशाला, अगं म्हण की" असतं तसं. पाच वर्षं शेजारी राहून हे पहिल्यांदा. लाडू मात्र अर्धाच खाल्ला, फार गोड म्हणाल्या.

आता खरं सांगायचं ते सांगतो. इतका वेळ मी जरा टाळत होतो.

त्या बाई चिठ्ठी हातात धरून दारात उभ्या होत्या ना, तेव्हा मला त्या दिसतच नव्हत्या. मला आमच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका दिसत होते. २०१५ साल. याच लेकीची हळद. पार्किंगमध्ये मांडव, डीजे, मी सेक्रेटरी. पोलीस परवानगी माझ्या खिशात, लॅमिनेट केलेली. नियम मला पाठ. ध्वनिप्रदूषण नियम २०००, रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. दुसऱ्यांच्या मांडवात मी घड्याळ दाखवत फिरायचो, इथेही त्यावर चार पोस्ट लिहिल्यात, जुन्या वाचकांना आठवत असतील. स्वतःच्या लेकीच्या हळदीला साडेअकरा वाजले. "एकच दिवस तर आहे" असं मीच म्हणालो.

काकांची तेव्हा बायपास होऊन तीन आठवडे झाले होते. त्यांची खोली पार्किंगला लागून. मला हे माहीत होतं. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या अॅम्ब्युलन्सची नोंद माझ्याच अक्षरात आहे. पोलिसांना अर्ज दिला, मांडववाल्याला कळवलं, वायरमनला कळवलं, काकांना नाही कळवलं. काकांनी तक्रार केली नाही. महिन्याभरानं वॉचमन बोलता बोलता म्हणाला, त्या रात्री काका-काकू घरात नव्हते. पुढं मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. नऊ-दहा वर्षं आम्ही रोज एकमेकांना "काय म्हणतंय" विचारतोय.

परत आलो आणि आठ दिवसांनी धाकट्याचा साखरपुडा, त्याच पार्किंगमध्ये. मी ठरवलं, चिठ्ठी. चौदा बिऱ्हाडं, चौदा चिठ्ठ्या, निळी शाई.

लिहायला बसलो आणि कळलं, मराठीत या प्रकारचा कागदच नाही. आपल्याकडं अर्ज आहे, नोटीस आहे, आमंत्रण आहे. "स. न. वि. वि." लिहून पुढं काय लिहायचं? "आमच्या येथे श्रीकृपेकरून" म्हटलं की हात आपोआप "सहकुटुंब सहपरिवार" कडं जातो. चार कागद फाडले. शेवटी असं झालं :

"सप्रेम नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी सहापासून पार्किंगमध्ये आमच्या धाकट्या मुलाचा साखरपुडा आहे. गाणी आणि माणसांचा आवाज होईल, त्याचा आपल्याला त्रास होण्याची शक्यता आहे. स्पीकर रात्री ९.४५ ला बंद होईल. कुणी आजारी असेल, परीक्षा असेल किंवा तरीही त्रास झालाच, तर मला निःसंकोच फोन करा, मी स्वतः उचलेन. आगाऊ आभार."

९.४५ आकड्यात. "पावणेदहा" लिहायचा मोह आवरला.

तेरा चिठ्ठ्या दाराखालून सरकवल्या. चौदावी घेऊन काकांकडं स्वतः गेलो. काका आता ब्याऐंशीचे. चष्मा लावून सावकाश वाचली. उलटी करून मागची बाजू पाहिली. मग म्हणाले,

"हे आवाजाचं कळलं. आमंत्रण कुठंय?"

मी म्हटलं, काका, तुम्हाला आमंत्रण आहेच की, घरचेच तुम्ही.

"मग असं लिहितात का? त्रास होईल म्हणे. म्हणजे आम्ही आत बसून त्रास करून घ्यायचा आणि तुम्ही बाहेर जेवायचं?"

आणि हे अगदी खरं आहे हो. डच शेजारीणबाईंना पार्टीला बोलावलं नाही याचं काहीच वाटलं नव्हतं. तिथं चिठ्ठीच्या शेवटी कुणी कुणी "येऊन एक पेला घेऊन जा" असं लिहितात, पण नाही लिहिलं तरी रुसवा नाही. आपल्याकडं ज्याला कार्य आहे हे कळवलं आणि बोलावलं नाही, त्याचा त्रास डीजेपेक्षा मोठा. तोवर माझा फोन वाजायला लागला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. "भाऊजी, चिठ्ठी मिळाली. नाही, आवाजाचं काही नाही..." आणि पुढं अवघडलेली शांतता.

मी काकांच्या समोरच बसून केटररला फोन लावला. चाळीस ताटं जास्त.

काका ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "त्या हळदीच्या वेळी पण एक कागद टाकला असतास तर बरं झालं असतं. मी दुपारीच गेलो असतो लेकीकडं. रात्री साडेअकराला हिला घेऊन रिक्षा शोधत पोवई नाक्यापर्यंत चालत गेलो. टाके होते रे छातीला."

मी काही बोललो नाही. काय बोलणार.

काकूंनी चहा आणला. काकांनी चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि विचारलं, "पावणेदहा म्हणजे पावणेदहा ना?"

रविवारी नऊ चाळीसलाच मी स्पीकरची पिन काढली. मांडववाला म्हणाला, साहेब, पाच मिनिटं आहेत अजून. काका पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यांदा श्रीखंड घेत होते, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडं पाहून नुसती मान हलवली.